कंसांच्या आतून बाहेर

केरळातील संगमग्रामचे माधव (सुमारे १३४० ते १४२५) यांच्या नावावर साइनची किंमत काढण्याची एक रीत आहे. आपण आज जिला साइन म्हणतो तिला ते भुजज्या म्हणत. माधवांचे गणितावरचे स्वतःचे ग्रंथ फारसे उरलेले नाहीत. ही रीत आपल्यापर्यंत पोचली ती नीलकंठ सोमयाजींच्या ‘तंत्रसंग्रहा’वर शंकर वारियर यांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या टीकेतून. तीत पाच संख्या आहेत आणि त्या कटपयादी पद्धतीने, म्हणजे अक्षरांना अंक मानून, श्लोकात गुंफल्या आहेत. श्लोक पाठ असला की सारणी जवळ नसली तरी चालत असे. या लेखाचा विषय मात्र त्या संख्या नाहीत. त्या वापरायच्या कोणत्या क्रमाने, हे त्या रीतीत सांगितले आहे, आणि सगळी गंमत त्या क्रमात आहे. आजच्या संगणकातही साइन त्याच क्रमाने काढली जाते.

कोन मोजायची एकके पंचांग पाहणाऱ्यांना ठाऊक असतात. एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला आणि एका विकलेत ६० तत्परा. पूर्ण वर्तुळ २१,६०० कलांचे, म्हणून पाव वर्तुळ ५४०० कलांचे. परिघ २१,६०० कला धरला तर त्रिज्या येते ३४३७ कला ४४ विकला ४८ तत्परा. भुजज्या याच एककात मोजायची. हिशेब वाचायला सोपा जावा म्हणून मी सगळे तत्परांत लिहितो. माधवांच्या पाच संख्या, लहानापासून मोठ्याकडे, अशा: ४४, १९८६, ५७,९४१, ९,८६,२६७ आणि ७९,९४,३८०. यातली शेवटची मुळात २२२० कला ३९ विकला ४० तत्परा अशी दिली आहे. बाकीच्याही तशाच.

दिलेल्या चापाला ५४०० कलांनी भागून जो अपूर्णांक येतो त्याला t म्हणू, आणि तत्परांत मोजलेल्या चापाला s. आज आपण ही साइनची श्रेणी अशी लिहू:

s − 7994380·t³ + 986267·t⁵ − 57941·t⁷ + 1986·t⁹ − 44·t¹¹

ही एक बहुपदी आहे: t चे वेगवेगळे घात, प्रत्येकाला एक सहगुणक, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी. ती वाचताना मनात जी कृती सहज उभी राहते ती अशी: t चा तिसरा घात काढा, सहगुणकाने गुणा, बाजूला ठेवा. मग पाचवा घात, मग सातवा. शेवटी सगळ्यांची बेरीज. हिला आपण घातांची रीत म्हणू.

टीकेतली रीत वेगळी आहे. पाचही संख्या एकाखाली एक मांडायच्या, सर्वांत लहान तळाशी. तळाच्या संख्येला चापाच्या वर्गाने गुणून ५४००च्या वर्गाने भागायचे, म्हणजे आपल्या भाषेत t² ने गुणायचे. येईल ते वरच्या संख्येतून वजा करायचे. उरेल त्याला पुन्हा t² ने गुणायचे, पुन्हा वरच्या संख्येतून वजा करायचे. असे सर्वांत वरच्या संख्येपर्यंत जायचे. तिथे उरेल त्याला t³ ने गुणून चापातून वजा केले की भुजज्या मिळाली. कंसांत लिहायचे तर:

s − t³(7994380 − t²(986267 − t²(57941 − t²(1986 − t²·44))))

उलगडून पाहिले तर ही वरचीच बहुपदी आहे. फरक इतकाच की इथे कुठलाही मोठा घात वेगळा काढावा लागत नाही. सर्वांत आतल्या कंसापासून सुरुवात करून बाहेर यायचे, आणि वाटेत घात आपोआप साचत जातात. तळाच्या ४४ ला चार वेळा t² आणि एकदा t³ असा गुणाकार लाभतो, म्हणजे t¹¹ चाच.

युरोपात या रीतीला विल्यम जॉर्ज हॉर्नर यांचे नाव मिळाले, ते त्यांनी १८१९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधामुळे. तो निबंध मुळात समीकरणे सोडवण्याविषयी होता. त्याआधी इटलीत पाओलो रुफिनी यांनी १८०४ मध्ये तसेच केले होते, आणि चीनमध्ये छिन च्यौशाओ यांनी १२४७ च्या ग्रंथात. नाव कोणाचे हा प्रश्न मी इथे बाजूला ठेवतो. आपल्याकडे नववीच्या बीजगणितात बहुपदींचा भागाकार संश्लेषक पद्धतीने करतात. तिथे सहगुणक एका ओळीत मांडून ‘गुणा, पुढच्यात मिळवा’ असे करत जातो आणि शेवटी बाकी उरते. ती बाकी म्हणजेच बहुपदीची त्या ठिकाणची किंमत, आणि वाटेतले आकडे म्हणजे याच कंसांच्या किमती.

आता श्रम मोजू. माधवांच्या बहुपदीत प्रत्येक घात मुळापासून काढला तर t³ ला दोन गुणाकार, t⁵ ला चार, t⁷ ला सहा, असे करत t¹¹ ला दहा. एकूण तीस. शिवाय सहगुणकांचे पाच. म्हणजे ३५ गुणाकार. थोडे शहाणपण दाखवून t² एकदाच काढला आणि प्रत्येक घात आधीच्या घाताला t² ने गुणून मिळवला, तर काम ११ गुणाकारांत होते. कंसांच्या रीतीत t² आणि t³ काढायला दोन आणि पुढे पाच, असे सात. बेरजा-वजाबाक्या तिन्हीकडे सारख्याच, पाच.

सगळे घात हजर असलेली n घाताची बहुपदी घेतली तर हिशेब आणखी स्वच्छ दिसतो. प्रत्येक घात मुळापासून काढल्यास n(n+1)/2 गुणाकार, घात साठवत गेल्यास 2n−1, आणि कंसांच्या रीतीत फक्त n. दहाव्या घाताला हे आकडे ५५, १९ आणि १० असे येतात. संगणकाला सांगायची आज्ञा इतकीच:

```
p = a[n];
for (i = n - 1; i >= 0; i--)
    p = p * x + a[i];
```

यापेक्षाही कमी गुणाकारांत काम भागेल का, हा प्रश्न १९५४ मध्ये अलेक्झांडर ऑस्ट्रोव्स्की यांनी नेटकेपणाने विचारला. बेरजा n पेक्षा कमी होऊ शकत नाहीत हे त्यांनीच दाखवले. गुणाकारही n पेक्षा कमी होऊ शकत नाहीत हे १९६६ मध्ये व्हिक्टर पान यांनी सिद्ध केले. ही सिद्धता कुठलीही बहुपदी आणि कुठलाही x अचानक समोर आला तर, या अटीवर आहे. एकच बहुपदी हजारो वेळा वापरायची असेल तर तिचे सहगुणक आधीच बदलून ठेवता येतात आणि मग गुणाकार जवळजवळ निम्मे होतात. थिओडोर मॉट्झकिन यांनी १९५५ मध्ये ही वाट दाखवली. पण बदललेले सहगुणक कधी कधी मूळ सहगुणकांपेक्षा फार मोठे निघतात आणि अचूकता हातची जाते. म्हणून तिचा मोह जपून धरावा लागतो.

श्रमांचा हिशेब इथे संपतो, आणि बहुतेक पुस्तकेही इथेच थांबतात. मला अधिक मोलाचे वाटते ते यापुढचे: उत्तर किती खरे येते?

३० अंशांचा कोन घेऊ, कारण त्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. ३० अंशांची साइन अर्धी, म्हणजे भुजज्या त्रिज्येच्या निम्मी यायला हवी. त्रिज्या तत्परांत १,२३,७५,८८८, निम्मी ६१,८७,९४४. चाप १८०० कला, म्हणजे ६४,८०,००० तत्परा. १८०० ला ५४०० ने भागले की t येतो एक तृतीयांश. t² म्हणजे एक नवमांश, t³ म्हणजे एक सत्ताविसांश. तत्परेखालचे काही ठेवायचे नाही, दर वेळी जवळच्या पूर्ण तत्परेवर यायचे, असा नियम करू. हातानेच हिशेब करणारा माणूस तसेच करेल.

तळापासून सुरुवात. ४४ ला ९ ने भागले की ४.८९, म्हणून ५. १९८६ मधून ५ गेले, १९८१. त्याला ९ ने भागले की २२०.१, म्हणून २२०. ५७,९४१ मधून २२० गेले, ५७,७२१. भागिले ९, ६४१३.४, म्हणून ६४१३. ९,८६,२६७ मधून ते गेले, ९,७९,८५४. भागिले ९, १,०८,८७२.७, म्हणून १,०८,८७३. ७९,९४,३८० मधून ते गेले, ७८,८५,५०७. आता शेवटी भागिले २७, २,९२,०५५.८, म्हणून २,९२,०५६. चापातून वजा केले: ६४,८०,००० − २,९२,०५६ = ६१,८७,९४४. हव्या त्या उत्तराशी शेवटच्या तत्परेपर्यंत जुळले.

आता तेच घातांच्या रीतीने, त्याच नियमाने. ७९,९४,३८० भागिले २७ म्हणजे २,९६,०८८.१५, घेऊ २,९६,०८८. ९,८६,२६७ भागिले २४३ म्हणजे ४०५८.७१, घेऊ ४०५९. ५७,९४१ भागिले २१८७ म्हणजे २६.४९, घेऊ २६. पुढची दोन पदे अर्ध्या तत्परेहून लहान, म्हणून शून्य. २,९६,०८८ मधून ४०५९ वजा, त्यात २६ मिळवले: २,९२,०५५. चापातून वजा केले की ६१,८७,९४५. एका तत्परेची चूक.

ती कुठून आली ते शोधता येते. पहिल्या पदात आपण ०.१५ सोडले. दुसरे पद ०.२९ ने जास्त वजा झाले. तिसऱ्यात ०.४९ कमी मिळवले. तिन्ही चुका एकाच दिशेच्या निघाल्या. चौथ्या पदाच्या ०.१० ने थोडे सावरले, पण एकूण ०.८ च्या वर गेले ते गेलेच. इथे प्रत्येक पदाचे राउंडिंग थेट उत्तरात उतरते. पाच पदे, प्रत्येकाची चूक जास्तीत जास्त अर्धी तत्परा, म्हणजे वाईटात वाईट अडीच तत्परांची चूक संभवते. आणि हे आपण भाग्यवान आहोत म्हणून. t चे घात इथे सुटसुटीत अपूर्णांक होते. ३७ अंश १३ कला असा कोन असता तर घात काढतानाही राउंडिंग झाले असते आणि त्या चुकांना सहगुणकांनी गुणले असते.

कंसांच्या रीतीतही पाच वेळा राउंडिंग झाले. मग ती का सुटली? कारण तिथे पहिली चूक झाली ४४ ला ९ ने भागताना, आणि त्यानंतर ती चूक स्वतःच तीनदा ९ ने आणि एकदा २७ ने भागली गेली. उत्तरापर्यंत येताना तिचा १९,६८३ वा भाग उरला. दुसऱ्या राउंडिंगचा २१८७ वा, तिसऱ्याचा २४३ वा, चौथ्याचा २७ वा. फक्त शेवटचे राउंडिंग पूर्ण वजनाने उत्तरात आले. पाचही मिळून जास्तीत जास्त ०.५२ तत्परा. म्हणजे जवळजवळ एकाच राउंडिंगची किंमत. आधीच्या चुका पुढचा गुणाकार झिजवत नेतो, आणि हे घडते t² एकापेक्षा पुरेसा लहान असल्यामुळे. ८० अंशांच्या कोनाला t² येतो ०.७९. तिथे ही झीज फार मंद होते आणि कंसांच्या रीतीचा हा फायदा बराचसा ओसरतो.

म्हणूनच आजच्या संगणकांत साइन काढताना कोन आधी लहान करून घेतात. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९३ मध्ये fdlibm नावाचा गणिती फलनांचा संग्रह खुला केला. जावा भाषेचे StrictMath त्याच्याशी तंतोतंत जुळावे असा त्या भाषेचा नियम आहे, आणि इतर अनेक प्रणालींत त्याची रूपे नांदत आहेत. त्यात कोन आधी शून्याच्या आसपास ४५ अंशांच्या आत आणतात आणि मग गाभ्यातला हिशेब होतो तो असा:

```
z = x*x;
v = z*x;
r = S2+z*(S3+z*(S4+z*(S5+z*S6)));
return x+v*(S1+z*r);
```

माधवांची मांडणी शेजारी ठेवून पाहा. z म्हणजे चापाचा वर्ग, v म्हणजे घन, आणि आतून बाहेर येणारे कंस. शेवटी घनाने गुणून चापात मिळवणे, तेही तसेच. इथे सहगुणक पाचाऐवजी सहा आहेत, वजाबाकीची चिन्हे सहगुणकांतच घातली आहेत, आणि सहगुणक श्रेणीतले शुद्ध अपूर्णांक नसून ठरलेल्या पल्ल्यात सर्वांत कमी चूक यावी म्हणून किंचित हलवलेले आहेत. S1 म्हणजे उणे एक षष्ठांश असायला हवे, पण ते पंधराव्या-सोळाव्या दशांश स्थळी निराळे आहे. अमलात आणलेला क्रम मात्र तोच.

संगणकाचे राउंडिंग आपल्या तत्परांपेक्षा वेगळे असते. तिथे दशांश स्थळ ठरलेले नसते, सार्थ अंक ठरलेले असतात. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत सुमारे १६. म्हणून चूक मोजायची ती संख्येच्या प्रमाणात, आणि विचारायचे ते असे: प्रत्येक पद उत्तरात पोचेपर्यंत किती राउंडिंगांतून गेले?

कंसांच्या रीतीत स्थिर पद, म्हणजे a₀, अगदी शेवटी मिळवले जाते. त्याला एकच राउंडिंग. a₁ चे पद तीन राउंडिंगांतून जाते, a₂ चे पाच, आणि सर्वसाधारण aᵢ चे 2i+1 मधून. सर्वांत वरचे पद 2n मधून. घात साठवत, लहान घाताकडून मोठ्याकडे बेरीज करत गेलो, तर मात्र a₀ सुरुवातीलाच येतो आणि पुढच्या प्रत्येक बेरजेत पुन्हा राउंड होतो. तिथे जवळजवळ प्रत्येक पदाच्या वाट्याला n+1 राउंडिंगे येतात. साइनच्या हिशेबात लहान x ला सर्वांत मोठे पद म्हणजे x स्वतः. fdlibm मध्ये तो शेवटच्या एका बेरजेत येतो, एकदाच राउंड होतो, आणि बाकीचा सगळा पसारा त्याच्यापुढे इतका लहान असतो की त्यातल्या चुका सोळाव्या अंकाच्या पलीकडे राहतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती बरेचदा चुकीची सांगितली जाते. ‘क्रिया कमी म्हणून चुका कमी’ हे कारण अपुरे आहे. घातांच्या रीतीने पदे काढून ती उलट क्रमाने, मोठ्या घाताकडून लहानाकडे मिळवली, तर तिथेही aᵢ चे पद 2i+1 राउंडिंगांतूनच जाते. म्हणजे चुकीची हमी दोन्हीकडे सारखी. कंसांच्या रीतीचा गुण असा की हा चांगला क्रम तिच्या रचनेतच आहे, तो आठवणीने पाळावा लागत नाही, आणि तो निम्म्या गुणाकारांत मिळतो. आणि x मोठा असेल, समजा दहा, तर चित्र थोडे उलटते. तिथे वरची पदे भारी असतात आणि कंसांच्या रीतीत त्यांच्यावरच सर्वांत जास्त, 2n, राउंडिंगे पडतात. घातांच्या रीतीत n+1. फरक दुपटीपेक्षा जास्त कधीच नसतो, म्हणून व्यवहारात कोणी त्यासाठी रीत बदलत नाही. पण कंसांची रीत प्रत्येक वेळी अधिक अचूक असते, असे म्हणता येत नाही.

याचा एक चटका देणारा दाखला हाताने करून पाहता येतो. ही बहुपदी घ्या:

x³ − 3x² + 3x − 1

ही (x−1)³ आहे हे ओळखू येते. x = 1.01 ठेवला तर खरे उत्तर ०.०००००१. आता फक्त चार सार्थ अंक ठेवणारे यंत्र आहे असे समजू. घातांच्या रीतीने x² होतो १.०२०, x³ होतो १.०३०. पदे १.०३०, ३.०६०, ३.०३० आणि १. यांची बेरीज-वजाबाकी शून्य येते. कंसांच्या रीतीने ((x−3)x+3)x−1: १.०१ मधून ३ गेले, −१.९९०. गुणिले १.०१, −२.०१०. त्यात ३ मिळवले, ०.९९००. गुणिले १.०१, ०.९९९९. त्यातून १ गेला, −०.०००१. खऱ्या उत्तराच्या शंभर पट मोठे, आणि चिन्ह उलटे. घातांच्या रीतीचे शून्य त्यापेक्षा बरे दिसते, पण तेही खरे नाही. तिथे सगळे अंक एकमेकांना खाऊन गेले आणि काहीच उरले नाही, इतकेच.

असे उत्तर पाहून रीतीला दोष द्यावासा वाटतो. जेम्स विल्किन्सन यांनी अशा वेळी प्रश्नच फिरवून विचारायला शिकवले, आणि राउंडिंगच्या चुकांवरचे त्यांचे १९६३ चे पुस्तक याच विचारावर उभे आहे. आलेले उत्तर मूळ बहुपदीचे नसेल, पण ते कोणत्या बहुपदीचे बिनचूक उत्तर आहे? आपल्या −०.०००१ साठी ती बहुपदी सापडते. मधला सहगुणक 3 च्या जागी 2.9999 घ्या:

x³ − 3x² + 2.9999x − 1

x = 1.01 ला हिची किंमत बरोबर −०.०००१ आहे, तिळमात्र कमी-जास्त नाही. चार अंकांच्या यंत्राला 2.9999 आणि 3.000 यांतला फरक दिसूच शकत नाही. म्हणजे कंसांच्या रीतीने आपले काम चोख केले. यंत्राला दिसू शकतील त्यापेक्षा बारीक बदल केलेल्या बहुपदीचे तिने खरे उत्तर दिले. अडचण आहे ती बहुपदीत. तिच्या सहगुणकाला तीस हजारांत एक असा धक्का लागला तरी उत्तर शंभर पटींनी हलते. तिहेरी मूळ जवळ असले की असेच होते, आणि सहगुणक त्याच रूपात ठेवून कुठलाही क्रम लावला तरी चार अंकांत यातून सुटका नाही.

मग उत्तरावर विश्वास ठेवावा की नाही हे ओळखायचे कसे? त्यासाठी तीच बहुपदी दुसऱ्यांदा काढायची, पण सगळी पदे धन मानून. साइनच्या उदाहरणात धन मानलेल्या पदांची बेरीज येते सुमारे १८८३ कला, आणि उत्तर आहे सुमारे १७१९ कला. गुणोत्तर १.१. म्हणजे राउंडिंगची चूक उत्तरात मोठी होऊन येण्याचा धोका नाही. (x−1)³ मध्ये धन बेरीज ८.१२ आणि खरे उत्तर ०.०००००१. गुणोत्तर ८० लाखांच्या वर. खरे उत्तर ठाऊक नसले तरी चालते. धन बेरजेला एका राउंडिंगच्या कमाल चुकीने आणि 2n ने गुणा. चार अंकांना ती चूक ०.०००५, आणि 2n म्हणजे ६. गुणाकार येतो सुमारे ०.०२४. हाती आलेले उत्तर, −०.०००१, या मर्यादेच्या कितीतरी आत आहे. तेव्हा त्याचे चिन्हसुद्धा मानू नये. हाच हिशेब कंसांच्या फेरीतच सोबत चालवता येतो. त्यासाठी दर फेरीला एक जास्तीचा गुणाकार आणि एक बेरीज पुरते.

गुणोत्तर असे मोठे आले तर दोनच वाटा उरतात. अंक वाढवायचे, म्हणजे आठ अंकांच्या हिशेबात (x−1)³ चे उत्तर सहज सापडते. किंवा बहुपदी दुसऱ्या रूपात मांडायची. १.०१ मधून १ वजा केला की ०.०१ येतो, तोही बिनचूक. त्याचा घन दोन गुणाकारांत ०.०००००१, आणि इतक्याला चार अंकांचे यंत्रही पुरते. बहुपदी जिथे वापरायची त्या ठिकाणाभोवती तिची मांडणी करून ठेवणे, आणि मग त्या लहान अंतराच्या घातांवर कंसांची रीत चालवणे, हे साइन लिहिणाऱ्यांनी नेमके केलेले असते. fdlibm मध्ये कोन ४५ अंशांच्या आत आणण्याचे जे काम आधी होते, ते गाभ्यातल्या सहा सहगुणकांच्या बहुपदीपेक्षा किती तरी लांबलचक आहे.